फ्लॅट प्लेट की ट्यूब्युलर? इन्व्हर्टरच्या बॅटरीची निवड आणि बॅटरीचं पाणी



गेल्या काही महिन्यांत आपल्या प्रभागातल्या बऱ्याच गटांनी कामाच्या जागी इन्व्हर्टर घेतला आहे. कुणाचं शिवणकाम आहे, कुणाचं मसाले पॅकिंग, कुणाचं दूध संकलन. त्यामुळे बैठकांमध्ये दोन प्रश्न परत परत येतात. पहिला, दुकानदार दोन किमतीच्या बॅटऱ्या दाखवतो, त्यात फरक काय? आणि दुसरा, त्या बॅटरीत पाणी कधी टाकायचं, कोणतं टाकायचं, आणि आपण स्वतः टाकलं तर चालतं का? या लेखात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका शिवणकाम गटाचं उदाहरण धरून देते आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचून घ्या, कारण बॅटरीजवळ जाणारी ताई आणि लेख वाचणारी ताई दर वेळी एकच असेल असं नाही.

बॅटरीच्या आत काय असतं

इन्व्हर्टरची साधी बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्या आत सहा वेगवेगळे कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. म्हणूनच वर सहा बुचं दिसतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेट उभ्या असतात आणि त्या पातळ केलेल्या गंधकाच्या ऍसिडमध्ये बुडालेल्या असतात. काही प्लेट धन बाजूच्या, काही ऋण बाजूच्या. लाइट असताना बॅटरी चार्ज होते, लाइट गेली की तीच वीज परत देते.

बॅटरीत सगळ्यात आधी झिजते ती धन बाजूची प्लेट. फ्लॅट प्लेट आणि ट्यूब्युलर यांच्यातला फरकही याच प्लेटमध्ये आहे. ऋण बाजूची प्लेट दोन्हीत सपाटच असते.

फ्लॅट प्लेट बॅटरीत शिशाची एक जाळी असते आणि त्या जाळीत शिशाचा लगदा दाबून भरलेला असतो. भिंतीच्या कुडाला माती लिंपावी तसं. बॅटरी खाली होते, भरते, परत खाली होते, तेव्हा तो लगदा थोडा फुगतो आणि आकसतो. असं रोज होत राहिलं की लिंपण सुटावं तसे त्याचे कण सुटतात आणि तळाला गाळ म्हणून बसतात. प्लेटवर माल कमी झाला की बॅटरी लवकर उतरायला लागते. गाळ वाढून दोन प्लेटना एकदम टेकला तर तो कप्पा आतल्या आत शॉर्ट होतो.

ट्यूब्युलर बॅटरीत धन बाजूला शिशाच्या उभ्या काड्या असतात. प्रत्येक काडीभोवती मजबूत, सच्छिद्र कापडाची नळी असते आणि लगदा त्या नळीत भरलेला असतो. ट्यूब म्हणजे नळी, म्हणून नाव ट्यूब्युलर. पिशवीत भरलेलं धान्य जसं सांडत नाही, तसा नळीतला लगदा सुटून खाली पडत नाही. ऍसिड मात्र कापडातून आत-बाहेर करू शकतं. म्हणून बॅटरी रोज बरीच खाली झाली तरी ती जास्त वर्षं तग धरते.

दुकानात टॉल ट्यूब्युलर असाही शब्द ऐकू येईल. टॉल म्हणजे उंच. या बॅटरीत प्लेटच्या वर पाण्याला जास्त जागा असते, त्यामुळे पाणी भरायची वेळ उशिरा येते. मात्र ती जड असते. १५० अँपिअर-अवरची उंच बॅटरी ५० किलोच्या पुढे जाते. ती एकटीने उचलायला जाऊ नका.

आपल्या गटाला कोणती बॅटरी?

याचं उत्तर किमतीवर नाही, तर लाइट किती वेळ जाते त्यावर आहे.

लाइट महिन्यातून चार-सहा वेळा अर्धा-पाऊण तास जात असेल, तर बॅटरी फारशी खाली होतच नाही. तिथे फ्लॅट प्लेट चांगलं काम देते आणि जास्तीचे पैसे घालायचं कारण नाही. फ्लॅट प्लेट चार्जही लवकर होते. पण रोज दोन-तीन तास लाइट जात असेल, पावसाळ्यात तार तुटली की अर्धा दिवस येत नसेल, तर बॅटरी रोज खोलवर खाली होणार. तिथे ट्यूब्युलरच घ्यावी.

आता उदाहरण बघू. सहा जणींचा शिवणकामाचा गट आहे. मशीन पायाच्या आहेत, त्यामुळे त्यांना वीज लागत नाही. लागते ती उजेडाला आणि वाऱ्याला. २० वॉटच्या ४ एलईडी ट्यूब म्हणजे ८० वॉट. ७५ वॉटचे २ पंखे म्हणजे १५० वॉट. एकूण २३० वॉट. दुपारी रोज ३ तास लाइट जाते, म्हणजे २३० गुणिले ३, बरोबर ६९० वॉट-अवर वीज लागते.

इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. बॅटरीतून १०० निघाले तर साधारण ८० पोचतात असं धरा. म्हणून ६९० ला ०.८ ने भागायचं, येतात ८६३. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून ८६३ भागिले १२, म्हणजे साधारण ७२ अँपिअर-अवर. आता नवशिक्या माणसाला वाटेल, ८० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली की झालं. इथेच फसगत होते. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते. रोजच्या वापरात निम्म्याच्या आसपास वापरावी आणि निम्मी शिल्लक ठेवावी. म्हणजे ७२ च्या दुप्पट, १४४. बाजारात मिळणारा जवळचा आकडा १५० अँपिअर-अवर. या गटासाठी १५० ची बॅटरी बरोबर आहे.

आता पैशांचा हिशेब. समजण्यासाठी असं धरू की १५० ची फ्लॅट प्लेट १०,५०० रुपयांना आणि ट्यूब्युलर १५,५०० रुपयांना मिळते आहे. तुमच्या बाजारात भाव वेगळे असतील, ते तुम्ही घाला. रोज तीन तासांच्या वापरात फ्लॅट प्लेट साधारण दोन-अडीच वर्षं चालते आणि नीट सांभाळलेली ट्यूब्युलर चार ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. पाच वर्षांचा हिशेब केला तर फ्लॅट प्लेट दोन वेळा घ्यावी लागेल, म्हणजे २१,००० रुपये. ट्यूब्युलर एकदाच, १५,५०० रुपये. फरक ५,५०० रुपयांचा. ट्यूब्युलर चारच वर्षं चालली असं धरलं तरी वर्षाला ३,८७५ रुपये पडतात, आणि अडीच वर्षं चालणारी फ्लॅट प्लेट वर्षाला ४,२०० रुपयांना पडते. म्हणजे तरीही ट्यूब्युलरच स्वस्त. जुनी बॅटरी परत दिली की दुकानदार शिशाचे पैसे वजा करतो, ते दोन्हीकडे मिळतात. ते पैसे आधी बोलून बिलावर लिहून घ्या.

पण या हिशेबात एक अट लपलेली आहे, ती म्हणजे ‘नीट सांभाळलेली’. महागातली महाग ट्यूब्युलर बॅटरी कोरडी पडली तर फ्लॅट प्लेटच्याही आधी जाते.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा. बॅटरीवर ट्यूब्युलर असं छापलेलं आहे का, वॉरंटी कार्डावर तोच प्रकार आणि तोच नंबर आहे का, हे ताडून बघा. आणि इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बॅटरीचा प्रकार निवडायचं एक छोटं बटण असतं का ते विचारा. बऱ्याच इन्व्हर्टरना ते असतं. ट्यूब्युलर बॅटरीला भरताना थोडा जास्त व्होल्टेज लागतो. बटण फ्लॅटवर राहिलं तर ट्यूब्युलर कधीच पूर्ण भरत नाही. उलट फ्लॅट बॅटरीला ट्यूब्युलरची सेटिंग लागली तर ती जास्त भरते, तापते आणि तिचं पाणी पटापट उडतं. बसवायला आलेल्या माणसाकडून हे बटण आपल्यासमोर लावून घ्या.

पाणी कमी का होतं?

बॅटरी भरत आली की भरण्यासाठी आलेली थोडी वीज पाणी फोडण्यात जाते. पाण्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि ते बुचाच्या बारीक भोकांतून बाहेर निघून जातात. उन्हाळ्यात थोडं पाणी वाफ होऊनही जातं. ऍसिड मात्र उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून आपण भरायचं असतं ते फक्त पाणी. ‘बॅटरी कमजोर झाली, थोडं ऍसिड टाक’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ऍसिड आधीच पुरेसं आहे, वरून टाकलं तर ते प्लेट खाऊन टाकतं.

पाणी प्लेटच्या खाली गेलं की प्लेटचा वरचा भाग उघडा पडतो. त्या भागावर कडक थर बसतो आणि तो कायमचा निकामी होतो. नंतर कितीही पाणी भरलं तरी तेवढी बॅटरी परत येत नाही. शिवाय पाणी कमी झाल्यावर उरलेलं ऍसिड दाट होतं आणि बाकीच्या प्लेटलाही त्रास देतं.

कोणतं पाणी?

फक्त डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं पाणी, किंवा बॅटरीसाठीच विकतात ते क्षार काढलेलं पाणी. दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हटलं की मिळतं.

बैठकीत विचारलेल्या बाकीच्या पाण्यांबद्दल एकेक करून सांगते. बोअरच्या पाण्यात क्षार, लोह आणि क्लोराईड असतं. भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसं ते प्लेटवर काम करतं आणि बॅटरी वापर नसतानाही आपोआप उतरायला लागते. नळाचं पाणी शुद्ध करताना त्यात क्लोरीन घातलेलं असतं, म्हणून तेही नको. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने ते दाट होतात. गावातल्या पाणी एटीएमचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी पिण्यासाठी चांगलं आहे, पण त्यातही थोडे क्षार असतातच. छपरावरचं पावसाचं पाणी पत्र्याची धूळ आणि गंज घेऊन येतं. एकदा चुकीचं पाणी आत गेलं की ते काढता येत नाही. ते भरत बसण्यापेक्षा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन केव्हाही स्वस्त पडतो.

आणि एक गोष्ट अगदी जपून. बॅटरीच्या दुकानात पाणी आणि ऍसिड दोन्ही मिळतं, आणि कधी कधी दोन्हीचे कॅन सारखेच दिसतात. दोन्ही रंगाने पाण्यासारखेच. कॅनचं सील फोडायच्या आधी लेबल वाचा. लेबल नसलेला, अर्धा भरलेला, कुणीतरी ‘हे पाणीच आहे’ म्हणून दिलेला कॅन घेऊच नका. बॅटरीचं पाणी प्यायच्या बाटलीत काढून ठेवू नका आणि रिकामा कॅन दुसऱ्या कशाला वापरू नका. कॅनवर मोठ्या अक्षरात ‘बॅटरीचं पाणी’ लिहा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

पाणी कधी बघायचं?

महिन्यातून एकदा नुसतं बघायचं. त्यासाठी बूच उघडायची गरज नसते. बहुतेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांच्या बुचात एक तरंगणारी काडी असते, तिला फ्लोट म्हणतात. पाणी पुरेसं असेल तर काडी वर येते, पाणी कमी झालं की खाली जाते. काडीवर वरची आणि खालची खूण असते, बऱ्याचदा हिरवी आणि लाल. आपल्या बॅटरीच्या पुस्तिकेतलं चित्र एकदा नीट बघून ठेवा. काडी खालच्या खुणेपर्यंत गेली की पाणी भरायचं. मार्च ते जून या काळात दर पंधरा दिवसांनी बघा, कारण तेव्हा बॅटरी तापते आणि पाणी जास्त उडतं.

फ्लोट नसेल तर बूच उघडून आत टॉर्चने बघावं लागतं. प्लेट पाण्यात बुडालेल्या असल्या पाहिजेत आणि पाणी पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेपर्यंत हवं.

पाणी भरायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. याला कारण आहे. चार्ज होताना आतली पातळी थोडी वर येते. उतरलेल्या बॅटरीत आपण काठोकाठ पाणी भरलं आणि नंतर ती चार्ज झाली, तर ऍसिड मिसळलेलं पाणी बुचातून बाहेर येतं. मग वरचा भाग ओला होतो, टोकांवर पांढरा-हिरवा थर चढतो आणि आतलं ऍसिड कमी होतं ते वेगळंच. याला एकच अपवाद आहे. प्लेट उघड्या पडलेल्या दिसल्या तर आधी त्या बुडतील इतकंच पाणी टाका, मग पूर्ण चार्ज करा आणि त्यानंतर खुणेपर्यंत भरा.

पाणी भरायची रीत

आधी तयारी. रबरी हातमोजे, डोळ्यांना साधा प्लास्टिकचा गॉगल, प्लास्टिकचं नरसाळं, सुती फडकं, आणि बादलीभर साधं पाणी हाताशी. धातूचं नरसाळं नको. हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र आणि लोंबणारी साखळी काढायची नसेल तर पोलक्याच्या आत सरकवा आणि वरून ओढणी किंवा पदर घट्ट खोचा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा पडला तर क्षणात लालबुंद तापतो. १२ व्होल्टचा झटका आपल्याला सहसा जाणवत नाही, पण त्या तापलेल्या बांगडीने हात भाजतो. चांगली साडी नेसून हे काम करू नका, ऍसिडच्या थेंबाने कापडाला भोक पडतं आणि ते धुतल्यावर दिसतं.

१. बॅटरी पूर्ण चार्ज झाली आहे याची खात्री करा.

२. इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि त्याचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं पुढचं बटण बंद करून चालत नाही, कारण प्लग असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग सुरूच राहतं.

३. दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास थांबा. चार्जिंगच्या वेळी निघालेला हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे. हवेत तो शंभरात चार भाग इतका झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून त्या खोलीत चूल, गॅस, उदबत्ती, दिवा, विडी काहीही पेटलेलं नको. आत बघायला काडी पेटवणं तर अजिबात नाही, मोबाइलची टॉर्च दुरून दाखवा. बॅटरी देवघराखाली किंवा स्वयंपाकघरात ठेवली असेल तर तिची जागाच बदला.

४. बुचं उघडायच्या आधी बॅटरीचा वरचा भाग ओलसर फडक्याने पुसा, नाहीतर वरची धूळ आत पडते. ते फडकं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

५. एका वेळी एकच बूच उघडा. तोंड बॅटरीच्या वर आणू नका, बाजूला उभं राहून बघा.

६. नरसाळं ठेवून थोडं थोडं पाणी सोडा. फ्लोटची काडी त्याच बुचात असल्यामुळे मध्ये थांबून बूच जागेवर ठेवा आणि काडी कुठे आली ते बघा. वरच्या खुणेला आली की थांबा. त्याच्या वर एक थेंबही नको. जास्त भरलेलं पाणी काढायला फार त्रास होतो.

७. बूच घट्ट लावा, मग दुसऱ्या कप्प्याकडे जा. सहाही कप्पे वेगळे आहेत. एकात टाकलेलं पाणी दुसऱ्यात जात नाही.

८. बुचावरची बारीक भोकं बुजलेली नाहीत ना ते बघा. ती वायू बाहेर जायला असतात, त्यांना चिकटपट्टी किंवा मेण लावू नका.

९. वरचं सांडलेलं पाणी पुसून कोरडं करा, मग प्लग लावा आणि इन्व्हर्टर सुरू करा. नवीन पाणी आणि आतलं ऍसिड चार्जिंगच्या वेळी नीट मिसळतं, म्हणून काही तास चार्ज होऊ द्या.

टोकांना पांढरा-हिरवा थर आला असेल, किंवा तार सैल झाली असेल, तर ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पाना हातातून निसटून दोन टोकांवर पडला तर मोठी ठिणगी उडते. पाणी भरायला टोकांना हात लावायची गरजच नसते.

ऍसिड उडालं तर

हातावर किंवा अंगावर उडालं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि भिजलेलं कापड काढून टाका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून साध्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं सलग धुवत राहा आणि मग लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डोळ्यात दूध, तूप, सोडा काहीही घालू नका आणि डोळा चोळू नका. आधी धुणं, मग दवाखाना, हा क्रम बदलू नका. जमिनीवर सांडलं तर त्यावर खाण्याचा सोडा टाका, फेस यायचा थांबला की पाण्याने धुवा. हा सोडा फक्त जमिनीवर, बॅटरीच्या आत कधीच नाही.

वहीतून बॅटरीची तब्येत कळते

आपल्या गटात बचतीची वही असते तशी बॅटरीची एक पानाची वही ठेवा. तारीख लिहा आणि प्रत्येक कप्प्यात किती पाणी गेलं ते लिहा. मोजायला घरातलं औषधाचं किंवा दुधाचं मापाचं प्लास्टिकचं भांडं वेगळं काढून ठेवा. सहा आकड्यांमधून बरंच कळतं.

शिवणकाम गटाच्या वहीत समजा असं लिहिलं आहे: पहिल्या कप्प्यात २०० मिली, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात २२०, चौथ्यात २००, पाचव्यात ६००, सहाव्यात १८०. पाच कप्पे जवळजवळ सारखे आहेत आणि पाचवा तिप्पट पाणी पितो. म्हणजे तो कप्पा एकतर गळतोय किंवा आतून खराब होतोय. आधी खालची जमीन आणि त्या बाजूची डबी ओली आहे का बघा. ओली नसेल तर वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जा. वॉरंटी असताना गेलं तर बॅटरी बदलून मिळू शकते. हा फरक वही नसेल तर कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि वॉरंटी संपल्यावर ‘बॅटरी बसली’ एवढंच कळतं.

सहाही कप्पे सारखेच, पण दर पंधरा-वीस दिवसांनी भरपूर पाणी मागत असतील, तर बॅटरीत दोष नसून चार्जिंग जास्त होत असण्याची शक्यता मोठी आहे. बॅटरीला हात लावून बघा, ती खूप गरम लागते का. इन्व्हर्टरच्या मागचं प्रकाराचं बटण तपासा आणि तंत्रज्ञाला चार्जिंगचा व्होल्टेज मोजायला सांगा. उलट, बॅटरी वर्षभर जवळपास पाणीच घेत नसेल आणि बॅकअपही कमी देत असेल, तर ती पूर्ण भरतच नसावी.

बॅटरीचा वास कुजलेल्या अंड्यासारखा यायला लागला, किंवा डबी फुगलेली दिसली, तर प्लग काढा, खोली मोकळी करा आणि पाणी टाकायला जाऊ नका. अशी बॅटरी तंत्रज्ञानेच बघायची.

भिंतीवर लावायला

हा चौकोन कापून इन्व्हर्टरच्या वर भिंतीला लावा.

• महिन्यातून एकदा फ्लोट बघा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी.
• आधी पूर्ण चार्ज, मग प्लग काढणे, मग अर्धा तास वाट.
• फक्त डिस्टिल्ड वॉटर. कॅनचं लेबल वाचूनच.
• वरच्या खुणेच्या वर नाही.
• खोलीत काहीही पेटलेलं नाही. अंगावर लोंबणारा धातू नाही.
• प्रत्येक कप्प्याचं पाणी वहीत लिहा.
• डोळ्यात गेलं तर १५ ते २० मिनिटं पाणी, मग दवाखाना.

गटात हे काम दोन जणींना नेमून द्या. एक भरेल, एक बघेल आणि लिहील. जिथे इन्व्हर्टर घ्यायचा ठराव अजून व्हायचा आहे, त्या गटांनी बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणा: लाइट रोज किती तास जाते, किती ट्यूब आणि किती पंखे चालवायचे आहेत, आणि दोन दुकानांची लेखी कोटेशन. वरचा हिशेब आपण बैठकीतच तुमच्या आकड्यांवर मांडून बघू.

– क्षेत्र समन्वयक